सीटीचा आकडा नक्की कशाचा असतो?

प्रश्न: बाबांना तीन दिवस ताप होता म्हणून कोविडची आरटी-पीसीआर केली, सीटी २६.१ आली. दुसऱ्या दिवशी खात्री म्हणून वेगळ्या लॅबमध्ये केली तर २९.९. एका दिवसात विषाणू एवढा कमी झाला का? माझी त्या दुसऱ्या लॅबमध्ये सीटी ३६ आली, पॉझिटिव्ह. पण पुढच्या दिवशी तिथेच निगेटिव्ह. मग आधीचा रिपोर्ट चुकीचा होता का? आणि आकडा वाढला की विषाणू कमी, हे उलटं गणित कसं?

उत्तर: विषाणूंच्या पीसीआर चाचण्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तुमच्यासारखे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून विचारणारे लोक मला कायम भेटतात. अडचण अशी होते की आपण सीटीकडे तापमापकासारखं बघतो. काल १०२ होता, आज १०० आहे, म्हणजे उतरला. पण तापाला एकक असतं आणि कोणत्याही चांगल्या तापमापकावर तो सारखाच दिसतो. सीटीला एकक नाही. तो एका यंत्रातल्या, एका छोट्या ट्यूबमधल्या, एका अभिक्रियेचा आकडा असतो. बाबांच्या नाकापासून त्या ट्यूबपर्यंत जे जे घडलं ते सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणून आधी ट्यूबमध्ये काय होतं ते सांगतो, मग मागे नाकाकडे येऊ.

कोविडच्या विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते आणि पीसीआरला मात्र डीएनए लागतो. म्हणून पहिल्या पायरीत एक विकर त्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतं. आरटी-पीसीआरमधलं ‘आरटी’ ते हेच, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन. मग खरी गंमत सुरू होते. ट्यूबमध्ये प्रायमर नावाचे डीएनएचे दोन छोटे तुकडे असतात, साधारण वीस-बावीस अक्षरांचे. ते विषाणूच्या एका ठराविक भागाच्या दोन टोकांनाच चिकटतील असे निवडलेले असतात. यंत्र ट्यूब ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतं, डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग साधारण ६० अंशांपर्यंत थंड करतं, प्रायमर आपापल्या जागी चिकटतात आणि पॉलिमरेज विकर तिथून पुढचा धागा विणतं. एकाच्या दोन प्रती झाल्या. पुन्हा ९५, पुन्हा ६०, दोनाच्या चार. लॅबमध्ये आम्ही या एका फेरीला सायकल म्हणतो, इथे चक्र म्हणू. बहुतेक चाचण्यांमध्ये अशी ४० ते ४५ चक्रं होतात.

प्रती वाढल्या हे दिसतं कसं? त्यासाठी त्याच भागावर चिकटणारा तिसरा तुकडा असतो, त्याला प्रोब म्हणतात. त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू असतो आणि दुसऱ्या टोकाला ती चमक गिळून टाकणारा. दोघं जवळ आहेत तोवर अंधार. पॉलिमरेज धागा विणत पुढे आलं की वाटेतला प्रोब तोडून टाकतं, चमकणारा रेणू सुटतो आणि उजेड पडतो. प्रत्येक नव्या प्रतीमागे थोडा उजेड. यंत्र प्रत्येक चक्राला हा उजेड मोजतं आणि त्याचा आलेख काढतं.

आलेखाची सुरुवात सपाट असते. ट्यूबमध्ये काही घडत नाही असं नाही, प्रती दुप्पट होतच असतात, पण त्यांचा उजेड अजून पार्श्वभूमीच्या उजेडात हरवलेला असतो. मग एका जागी रेषा वर उचलली जाते, वेगाने चढते आणि शेवटी कच्चा माल संपत आला की पुन्हा आडवी होते. चढाच्या सुरुवातीच्या भागात, पार्श्वभूमीच्या वर, एक आडवी रेघ आखलेली असते. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आलेखाने ती रेघ ज्या चक्राला ओलांडली तो आकडा म्हणजे सीटी. दोन चक्रांमधले बिंदू जोडून ओलांडण्याची जागा काढतात, म्हणून २६.१ असा अपूर्णांक येतो.

आता उलटं गणित सरळ होईल. ट्यूबमध्ये सुरुवातीलाच भरपूर प्रती असतील तर रेघेपर्यंत पोचायला कमी दुपटी पुरतात, म्हणजे सीटी लहान. अगदी थोड्या असतील तर जास्त दुपटी लागतात, सीटी मोठी. एका चक्राचा फरक म्हणजे दुपटीचा फरक, आणि सुमारे ३.३ चक्रांचा फरक म्हणजे दहापट. दहा चक्रांचा फरक म्हणजे १,०२४ पट. हे सगळं प्रत्येक चक्रात खरोखर दुप्पट होते असं धरून. प्रत्यक्षात कार्यक्षमता थोडी कमी असू शकते, पण चांगल्या चाचणीत हा हिशेब फारसा चुकत नाही.

इथे एक लोकप्रिय गैरसमज मोडून टाकतो: ‘४० वेळा दुप्पट केल्यावर काहीही पॉझिटिव्ह येईल.’ शून्याची कितीही वेळा दुप्पट केली तरी शून्यच राहतं. प्रत्येक प्लेटवर, म्हणजे अनेक ट्यूब एकत्र असलेल्या ताटलीवर, आम्ही एक ट्यूब नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालून लावतो. तिच्यातही प्रायमर, प्रोब, विकर सगळं असतं आणि तीही तितकीच चक्रं फिरते. तिची रेषा शेवटपर्यंत सपाट राहिली नाही तर त्या प्लेटचे निकाल आम्ही देत नाही.

आता बाबांचे दोन आकडे. २६.१ आणि २९.९ यांत ३.८ चक्रांचा फरक आहे, म्हणजे साधारण १४ पट. तुम्हाला वाटलं की विषाणू एका दिवसात चौदाव्या हिश्श्यावर आला. मी एक वेगळी शक्यता आकड्यांनी दाखवतो. त्या दोन लॅबच्या नेमक्या पद्धती मला माहीत नाहीत, म्हणून खालची मापं मी धरलेली आहेत, पण अशी मापं रोजच्या कामात असतात.

समजा स्वॅबच्या टोकावर विषाणूच्या ५१,००० प्रती आल्या. पहिल्या लॅबने स्वॅब १ मिलिलिटर द्रवात बुडवला. त्यातला २०० मायक्रोलिटर द्रव आरएनए काढायला घेतला, म्हणजे पाचवा हिस्सा. निघालेला आरएनए ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवला आणि त्यातले १० मायक्रोलिटर ट्यूबमध्ये घातले, पुन्हा पाचवा हिस्सा. म्हणजे एकूण पंचविसावा भाग ट्यूबमध्ये गेला, सुमारे २,०४० प्रती.

दुसऱ्या लॅबने तसाच स्वॅब ३ मिलिलिटर द्रवात बुडवला. त्यातलेही २०० मायक्रोलिटरच घेतले, पण आता तो पंधरावा हिस्सा झाला. आरएनए १०० मायक्रोलिटरमध्ये उतरवला आणि ५ मायक्रोलिटर ट्यूबमध्ये घातले, म्हणजे विसावा हिस्सा. पंधरा गुणिले वीस, एकूण तीनशेवा भाग. ट्यूबमध्ये गेल्या १७० प्रती.

एखाद्या चाचणीत एकच प्रत असेल तर रेघ साधारण ३७ व्या चक्राला ओलांडली जाते असं धरा. मग २,०४० प्रतींसाठी ११ चक्रं कमी लागतील, सीटी २६. आणि १७० प्रतींसाठी सुमारे ७.४ चक्रं कमी, सीटी २९.६. नाकातला विषाणू तितकाच, स्वॅब तितकाच, चूक कोणाचीच नाही, आणि आकड्यांत साडेतीन चक्रांहून जास्त फरक. आरएनए काढताना काही प्रमाणात वाया जातो, तो मी हिशेबात धरलेलाच नाही. दोन लॅबचे किट वेगळे असतील, विषाणूचा वेगळा भाग शोधत असतील, यंत्रावरची थ्रेशोल्डची रेघ वेगळ्या उंचीवर असेल, तर याच्यावर आणखी एखादं-दीड चक्र इकडे किंवा तिकडे सरकतं.

तुमच्या रिपोर्टवर बहुधा दोन-तीन जनुकांच्या सीटी वेगवेगळ्या दिल्या असतील. त्या एकाच नमुन्याच्या, एकाच ट्यूबमधल्या असूनही क्वचितच सारख्या असतात, कारण प्रत्येक प्रोबचा रंग आणि तेज वेगळं. एका ट्यूबच्या आतच अशी तफावत चालते, मग दोन लॅबमध्ये का चालू नये?

स्वॅब घेण्याचा भाग तर आणखी बेभरवशाचा. नाकात मागे पोचलेला आणि नीट फिरवलेला स्वॅब, आणि पुढेच टेकवून काढलेला स्वॅब, यांत दहापट फरक सहज पडतो. दहापट म्हणजे ३.३ चक्रं. म्हणून चांगल्या चाचणीत विषाणूबरोबर माणसाच्या एखाद्या जनुकाचीही सीटी बघतात, बऱ्याचदा आरनेज पी नावाच्या. तिच्यावरून स्वॅबला माणसाच्या पेशी लागल्या होत्या की नाही एवढं कळतं. पहिल्या वेळी आरनेज पीची सीटी २४ आणि दुसऱ्या वेळी ३१ असेल, तर मी विषाणूच्या आकड्यांकडे बघण्याआधी म्हणेन की दुसरा स्वॅबच नीट घेतला गेला नाही.

तेव्हा बाबांचा विषाणू कमी झाला असेलही, पण या दोन आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. एकाच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, दोन-तीन दिवसांच्या अंतराने सीटी २० वरून ३० झाली असती, तर मी मान डोलावली असती. दहा चक्रं म्हणजे हजारपट, एवढा फरक मापं आणि स्वॅब मिळून सहसा करत नाहीत.

आता तुमची ३६. वरच्याच हिशेबाने ट्यूबमध्ये साधारण दोन प्रती होत्या. दोन! इतक्या कमी संख्येत नशीब मध्ये येतं. असं समजा की वीस पेले पाणी भरलेल्या बादलीत २० मणी टाकले आणि चांगले ढवळले. आता एक पेला भरून काढा. सरासरीने त्यात एक मणी यायला हवा, पण शंभरातल्या ३६ वेळा पेल्यात एकही मणी येणार नाही. ट्यूबमध्ये जाणारे ५ मायक्रोलिटर म्हणजे असाच एक पेला. सरासरी दोन प्रती येणार असतील तरी शंभरातल्या तेरा-चौदा वेळा एकही येत नाही. म्हणजे तुमचा पहिल्या दिवसाचाच नमुना पुन्हा लावला असता तरी तो निगेटिव्ह यायची बरी शक्यता होती. दुसऱ्या दिवशी तर स्वॅबही नवा होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हवरून पहिला रिपोर्ट चुकीचा ठरत नाही.

पण बरोबर होता असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण ३६ च्या आसपास दुसरा एक धोका असतो. माझ्याच कामातला प्रसंग सांगतो. एका रात्री आमच्या प्लेटवर चार नमुने ३६ ते ३८ च्या दरम्यान उठले. पाण्याची ट्यूब स्वच्छ होती, त्यामुळे नियमाप्रमाणे प्लेट पास. पण प्लेटचा नकाशा बघितला तेव्हा चारही नमुने एकाच नमुन्याच्या भोवती होते आणि मधल्याची सीटी होती १४. १४ आणि ३७ यांत २३ चक्रांचा फरक, म्हणजे ८० लाखांहून जास्त पट. त्या मधल्या ट्यूबमधल्या द्रवाचा ऐंशी लाखावा हिस्सा शेजारी उडाला तरी शेजारी पॉझिटिव्ह होणार, आणि तेवढा थेंब डोळ्यांना दिसत नाही. आरएनए काढताना प्लेटवरची चिकटपट्टी घाईत ओढली गेली होती. चारही नमुने मूळ बाटल्यांतून पुन्हा काढले, चारही निगेटिव्ह. तेव्हापासून चिकटपट्टी काढण्याआधी प्लेट फिरवून द्रव तळाला बसवायचा आणि ३५ च्या पुढचा कोणताही पॉझिटिव्ह शेजाऱ्यांकडे बघितल्याशिवाय सोडायचा नाही, हे आमच्याकडे पक्कं झालं.

मग अशा उशिराच्या आकड्याची शहानिशा कशी करायची? मी आधी आलेखाचा आकार बघतो. खरी वाढ असेल तर रेषा उशिरा का होईना, वळण घेऊन ठामपणे चढते. कधी कधी रेषा पहिल्यापासून हळूहळू तिरकी वर सरकत जाते आणि शेवटी नुसती घासून थ्रेशोल्ड ओलांडते. यंत्र तिलाही प्रामाणिकपणे ‘सीटी ३७’ असं लिहून मोकळं होतं, पण ती वाढ नसते. ट्यूबमधला बुडबुडा किंवा पार्श्वभूमीचा उजेड सरकलेला असतो. मग बघतो की दुसरं जनुक उठलं का. दोन्ही उठली असतील तर विश्वास वाढतो. एकच उठलं असेल तर नमुना पुन्हा काढून लावायचा. फक्त तीच ट्यूब पुन्हा फिरवून उपयोग नाही, कारण दूषित झाली असेल तर ती पुन्हाही पॉझिटिव्हच येईल. आणि त्यातूनही उत्तर मिळालं नाही तर नवा स्वॅब मागवायचा. काही लॅब अशा वेळी ‘अनिर्णित’ असं लिहितात. लोकांना तो शब्द आवडत नाही, पण माझ्या मते कित्येकदा तोच सगळ्यांत प्रामाणिक रिपोर्ट असतो.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या ३६ चा अर्थ लावायला मला एक गोष्ट हवी आहे: तुम्हाला लक्षणं होती का, आणि असतील तर कधीपासून? संसर्गाच्या सुरुवातीला विषाणू वाढत जात असतो, मग उतरत जातो. ३६ हा आकडा चढावरही लागतो आणि उतारावरही. चढावर असाल तर दोन-तीन दिवसांत तोच आकडा विशीत येऊ शकतो आणि तुम्ही चांगलेच संसर्गजन्य होऊ शकता. उतारावर असाल तर आजार होऊन गेलेला आहे आणि नाकात फक्त विषाणूच्या आरएनएचे अवशेष उरले आहेत. पीसीआर आरएनएचा तुकडा शोधते. तो जिवंत विषाणूतला आहे की मेलेल्या पेशींतला, हे तिला कळत नाही. असे अवशेष बरं झाल्यावरही काही आठवडे सापडू शकतात. सौम्य आजारात लक्षणं सुरू होऊन आठवडा-दहा दिवस उलटले की नमुन्यातून प्रयोगशाळेत विषाणू वाढवणं बहुधा जमत नाही, सीटी येत राहिली तरी. तुमचा दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह उताराकडे थोडा झुकतो, पण बाबांच्या तापाला तीनच दिवस झालेत आणि तुम्ही एकाच घरात असाल तर चढावर असण्याची शक्यता मी सोडून देणार नाही. दोन दिवसांनी तिथेच पुन्हा चाचणी करा. चढ असेल तर तोवर दिसेलच, आणि तोपर्यंत लोकांपासून जरा लांबच राहा.

बाबांच्या बाबतीत सीटीवरून आजाराची तीव्रता ठरवू नका. २६ म्हणजे मध्यम आणि १८ म्हणजे गंभीर असा कोणताही सरळ तक्ता नाही. नाकात भरपूर विषाणू असलेले लोक किरकोळ तापावर बरे होतात, आणि ज्यांची फुप्फुसं बिघडली आहेत त्यांच्या नाकात त्या वेळेपर्यंत विषाणू कमी झालेला असू शकतो. त्यांचा ताप, श्वास आणि ऑक्सिजनची पातळी बघा. डॉक्टर औषधं त्यावरून ठरवतील.

आणखी एक, कोणी विचारेल म्हणून. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टवर ‘व्हायरल लोड’ म्हणून मिलिलिटरमागे आकडा असतो, तो लॅब बदलली तरी बऱ्यापैकी जुळतो. तिथेही आत पीसीआरच असते. फरक इतकाच की तिथे नमुना मोजून घेतलेलं रक्तद्रव्य असतं आणि ज्यांची संख्या आधीच माहीत आहे अशा प्रमाणित नमुन्यांवरून सीटीचं रूपांतर एककात केलेलं असतं. नाकातल्या स्वॅबवर मुळात किती द्रव आला हेच कोणी मोजत नाही, त्यामुळे तिथे प्रमाणित नमुने वापरले तरी ‘मिलिलिटरमागे’ या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही.

बाबांच्या दोन आकड्यांचा खरोखर छडा लावायचा असेल तर त्याला एकच सरळ मार्ग आहे. लॅब उरलेले नमुने काही दिवस गोठवून ठेवतात, बऱ्याचदा उणे ७० किंवा ८० अंशांना. दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच प्लेटवर, शेजारी शेजारी लावले आणि आरनेज पीची सीटीही दोन्हींत जवळपास सारखी निघाली, तर मग त्यांच्यातला फरक बाबांचा आहे असं म्हणता येईल. घरगुती कुतूहलासाठी कोणी हे करून देणार नाही, आणि मीही देत नाही. पण फोन करून दोन्ही लॅबना विचारा: स्वॅब किती मिलिलिटरमध्ये होता, आरएनए किती मायक्रोलिटरमध्ये उतरवला, त्यातला किती ट्यूबमध्ये घातला, आणि आरनेज पीची सीटी किती. ही उत्तरं मिळाली तर इथे टाका, वरचा हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांवर करून देतो.